उलट्या गणिताची उलटतपासणी

प्रोग्राममधल्या बहुतेक चुका स्वतःहून बोंब मारतात. प्रोग्राम मध्येच बंद पडतो किंवा पडद्यावर लाल अक्षरं उमटतात. न्यूरल नेटवर्कचा बॅकवर्ड पास हाताने लिहिला आणि त्यात चूक राहिली, तर असं काहीच होत नाही. प्रोग्राम चालतो, नेटवर्क शिकतं, आलेख खाली उतरताना दिसतो. चूक आत असते ती असतेच, फक्त नेटवर्क जितकं शिकायला हवं होतं तितकं शिकत नाही. त्याचं खापर मग माहितीच्या साठ्यावर, सेटिंगवर, नाहीतर नशिबावर फुटतं. अशी चूक पकडण्याची एक जुनी, साधी आणि भक्कम पद्धत आहे. तिच्यात गणित बारावीचंच लागतं, पण ती नीट वापरायची तर थोडी सावधगिरी हवी.

आधी बॅकवर्ड पास म्हणजे काय ते पाहू. नेटवर्कमध्ये एका बाजूने आकडे शिरतात, एकामागून एक थरांतून जातात आणि शेवटी एकच आकडा बाहेर पडतो. नेटवर्कचं उत्तर किती चुकलं ते हा आकडा सांगतो. त्याला लॉस म्हणतात, आणि या सरळ प्रवासाला फॉरवर्ड पास. शिकायचं म्हणजे लॉस कमी करायचा. त्यासाठी प्रत्येक आकड्याबद्दल एक प्रश्न विचारावा लागतो : हा आकडा किंचित वाढवला तर लॉस किती वाढेल किंवा घटेल? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ग्रेडियंट. लॉसपासून उलटं मागे येत, चेन रूल लावत, सगळे ग्रेडियंट एका फेरीत काढायचे म्हणजे बॅकवर्ड पास. रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ही रीत सर्वदूर पोचली.

आज पायटॉर्चसारखी साधनं हे उलटं गणित आपोआप करतात. तरीही ते हाताने लिहिणारे लोक आहेत. ग्राफिक्स कार्डावर एखादा थर जास्त वेगाने चालवायचा असेल, नवीन प्रकारचा थर बनवायचा असेल, किंवा सगळंच साध्या सी भाषेत लिहायचं असेल, तर ते हातानेच लिहावं लागतं. आंद्रे कारपाथी यांनी २०२४ मध्ये खुला केलेला llm.c हा प्रकल्प याच धाटणीचा आहे. त्यात जीपीटी-२ च्या एकेका थराचे सरळ आणि उलटे असे दोन्ही प्रवास सीमध्ये लिहिलेले आहेत.

तपासणीची कल्पना डेरिव्हेटिव्हच्या व्याख्येतच दडलेली आहे. एक आकडा अगदी थोडा, समजा h इतका, वाढवा आणि लॉस काढा. मग तोच आकडा h इतका कमी करा आणि पुन्हा लॉस काढा. दोन लॉसमधल्या फरकाला 2h ने भागलं की त्या आकड्याचा ग्रेडियंट मिळतो, अगदी तंतोतंत नाही पण बराच जवळचा. यालाच फाइनाइट डिफरन्स म्हणतात. यात बॅकवर्ड पासची एकही ओळ वापरलेली नाही, काम सगळं फॉरवर्ड पासवर भागतं. म्हणून हाताने लिहिलेल्या उत्तराला ही स्वतंत्र साक्ष ठरते. पायथॉनमध्ये ती एवढीच :

```python
def numgrad(f, x, h=1e-5):
    g = np.zeros_like(x)
    for i in range(x.size):
        old = x[i]
        x[i] = old + h; up = f(x)
        x[i] = old - h; down = f(x)
        x[i] = old
        g[i] = (up - down) / (2 * h)
    return g
```

आता एक खरी चूक घेऊ आणि या पद्धतीने ती पकडता येते का ते पाहू. २०१६ साली बा, किरोस आणि हिंटन यांनी मांडलेला लेअर नॉर्म हा थर जीपीटीसारख्या नेटवर्कमध्ये जागोजागी असतो. त्याचं पहिलं काम सोपं आहे : आलेल्या आकड्यांची सरासरी काढायची आणि ती प्रत्येकातून वजा करायची. नुसतं हे पहिलं कामच घेऊ. आकडे तीन : १, २ आणि ६. सरासरी ३. वजाबाकीनंतर उरतात −२, −१ आणि ३. या उरलेल्यांना y म्हणू.

वजाबाकीचा उलटा प्रवास लिहिताना पुष्कळांचा हात एका ठिकाणी घसरतो. y म्हणजे x वजा सरासरी, तेव्हा x एकने वाढला की y एकने वाढणार, म्हणजे मागून आलेला ग्रेडियंट तसाच पुढे ढकलायचा. दिसायला बरोबर, पण अर्धंच. वर्गातल्या एका मुलाचे गुण वाढले की वर्गाची सरासरीही थोडी वर सरकते आणि बाकी सगळे सरासरीच्या मानाने किंचित खाली जातात. तसंच इथे. एका x मधून लॉसपर्यंत जाणाऱ्या वाटा दोन आहेत : एक थेट आणि एक सरासरीतून. दुसरी वाट राहून गेली, ही आपली चूक.

तपासायला शेवटी एक लॉस हवा. सगळ्यात आधी सुचतो तो म्हणजे तिन्ही y चे वर्ग करून बेरीज : ४ + १ + ९ = १४. अर्धवट बॅकवर्ड पास सांगतो की ग्रेडियंट प्रत्येक y च्या दुप्पट, म्हणजे −४, −२ आणि ६. आता वरच्या कोडने आकडे हलवून पाहिले तर काय येतं? −४, −२ आणि ६. दोन्ही उत्तरं जुळली, तपासणी पास. आणि कोड मात्र चुकीचं!

असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सरासरीच्या वाटेने जो हिस्सा मागे यायला हवा, तो असतो मागून आलेल्या ग्रेडियंटांची सरासरी, उणे चिन्हासह. इथे मागून आलेले ग्रेडियंट −४, −२ आणि ६ यांची बेरीज शून्य. ती शून्य असणारच, कारण सरासरी वजा केलेल्या आकड्यांची बेरीज नेहमीच शून्य असते. म्हणजे जी वाट विसरली, नेमक्या त्याच वाटेवरून या लॉसमध्ये काही येणारच नव्हतं. तपासणी खोटं बोलली नाही, आपण तिला प्रश्नच असा विचारला की चूक असो वा नसो, उत्तर एकच यावं.

प्रश्न थोडा बदलू. तिन्ही वर्गांना वेगवेगळं वजन देऊ : पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. लॉस होतो ४ + २ + २७ = ३३. मागून येणारे ग्रेडियंट आता −४, −४ आणि १८, आणि अर्धवट कोड तेच उत्तर म्हणून देतं. फाइनाइट डिफरन्सने पाहू. h घेऊ ०.००१ आणि पहिला आकडा हलवू. १.००१ धरला तर लॉस येतो ३२.९९२६६७६७, आणि ०.९९९ धरला तर ३३.००७३३४३३. फरक −०.०१४६६६६६. त्याला ०.००२ ने भागलं की −७.३३३. कोड म्हणत होतं −४. उरलेले दोन आकडे असेच हलवले तर −७.३३३ आणि १४.६६७ मिळतात, तर कोडचे आहेत −४ आणि १८. आता चूक उघडी पडली.

नुसतं ‘जुळलं नाही’ म्हणून थांबायचं कारण नाही, कारण फरकाचा आकार पाहिला तर चूक कुठे आहे हेही कळतं. तिन्ही ठिकाणी कोडचं उत्तर खऱ्यापेक्षा नेमकं ३.३३३ ने जास्त आहे. तिन्हींना सारखाच फरक पडावा, तर सगळ्यांना समान लागू होणारी एखादी गोष्ट सुटलेली असणार. −४, −४ आणि १८ यांची सरासरीही ३.३३३ च. हरवलेली वाट सापडली. फरक ठरावीक पटीत असता, म्हणजे सगळीकडे दुप्पट किंवा निम्मा असता, तर एखादा गुणक किंवा भागाकार राहिला असं समजायचं. काही आकडे बरोबर आणि काही अर्धवट निघाले असते, तर एखादा आकडा दोन ठिकाणी वापरलेला असून दोन्हीकडून आलेल्या ग्रेडियंटांची बेरीज करण्याऐवजी दुसऱ्याने पहिल्याला पुसून टाकलं, ही शंका पहिली घ्यायची.

ही चूक नुसत्या लॉसवर नजर ठेवून कळली नसती, हेही याच उदाहरणात दाखवता येतं. चुकीच्या ग्रेडियंटच्या उलट दिशेने छोटं पाऊल टाकू, प्रत्येकाच्या शंभरांश भागाइतकं. आकडे होतात १.०४, २.०४ आणि ५.८२, आणि लॉस ३३ वरून २९.८५ वर येतो. खऱ्या ग्रेडियंटने तेवढंच पाऊल टाकलं तरी लॉस २९.८५ च येतो. कारण चुकीने घातलेला जादा हिस्सा तिन्ही आकड्यांना सारखाच सरकवतो आणि सरासरी वजा केली की तो नाहीसा होतो. मात्र खऱ्या नेटवर्कमध्ये हे तीन आकडे आधीच्या थरातून आलेले असतात. तो जादाचा हिस्सा थराथरांतून मागे जातो आणि जी वजनं हलवायचं कारण नव्हतं तीही हलवतो. आलेख तरीही उतरताना दिसू शकतो.

आता लेअर नॉर्म पूर्ण घेऊ. सरासरी वजा केल्यावर तो थर प्रत्येक आकड्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने, भागतो. भागून आलेल्या आकड्यांना y आणि त्या मापाला s म्हटलं, तर मागून आलेल्या g वरून पूर्ण बॅकवर्ड पास असा होतो :

```
dx = (g - mean(g) - y * mean(g * y)) / s
```

पहिला हिस्सा थेट वाटेचा, दुसरा सरासरीच्या वाटेचा, तिसरा प्रमाण विचलनाच्या वाटेचा. तपासताना माणसं हमखास दोनच लॉस घेतात : सगळ्या y ची साधी बेरीज, नाहीतर वर्गांची बेरीज. साध्या बेरजेत सगळे g एक असतात, म्हणून g आणि y यांच्या गुणाकारांची सरासरी शून्य होते आणि तिसरा हिस्सा उडतो. तो लिहायला विसरलात तरी तपासणी पास. वर्गांच्या बेरजेत g ची सरासरी शून्य होते आणि दुसरा हिस्सा उडतो. तो विसरलात तरी पास. सहज सुचणाऱ्या दोन लॉसपैकी प्रत्येक जण एकेक चूक झाकतो. उपाय एका ओळीचा आहे : प्रत्येक y ला यदृच्छेने निवडलेल्या वेगळ्या आकड्याने गुणून बेरीज करायची. अशा वाकड्यातिकड्या आकड्यांत कुठलीच बेरीज योगायोगाने शून्य होत नाही.

पुढचा प्रश्न h किती घ्यायचा. व्याख्या म्हणते जितका लहान तितका बरा, पण संगणक म्हणतो तसं नाही. h मोठा असला तर आपण वक्राऐवजी दोन दूरच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा उतार मोजतो. दोन्ही बाजूंना हलवण्याचा फायदा इथे दिसतो. वरच्या उदाहरणात फक्त एकाच बाजूला, १.००१ वर, हलवलं असतं तर उत्तर −७.३३२ आलं असतं, म्हणजे बरोबर h इतकी चूक. दोन्ही बाजूंनी मोजलं की वाकण्यामुळे आलेली चूक एकमेकींना खोडते. सर्वसाधारण फंक्शनसाठी h दहापट लहान केला तर एका बाजूच्या रीतीची चूक दहापट घटते, दोन बाजूंची शंभरपट.

मग h एकदम बारीक का करू नये? कारण संगणकात दशांश आकडे सलग नसतात, त्यांच्यात फटी असतात. नेटवर्क सहसा चालतात त्या ३२ बिटांच्या आकड्यांत ३२ ते ६४ या टप्प्यात शेजारच्या दोन आकड्यांत सुमारे ०.०००००३८ इतकं अंतर असतं. आपला लॉस ३३, म्हणजे याच टप्प्यातला. h एक दशलक्षांश घेतला तर दोन लॉसमधला खरा फरक ०.००००१४७ एवढाच, जेमतेम चार फटींइतका. त्याला 2h ने भागलं की उत्तर फक्त १.९ च्या पायऱ्यांनीच येऊ शकतं : ५.७२ किंवा ७.६३. हवं असलेलं ७.३३ या मोजपट्टीवर उमटतच नाही. कोड बरोबर असूनही तपासणी त्याला चूक ठरवेल. म्हणून ही तपासणी ६४ बिटांच्या आकड्यांतच करतात. तिथे याच टप्प्यातली फट दशांश चिन्हानंतर चौदा शून्यं सोडून सुरू होते आणि तोच h वापरून उत्तर सुमारे आठ दशांश स्थळांपर्यंत भरवशाचं मिळतं. वक्राची चूक आणि फटींची चूक यांचा तोल ६४ बिटांत साधारण एक लाखांश ते एक दशलक्षांश या h वर साधतो. पायटॉर्चमधल्या `torch.autograd.gradcheck` या तयार तपासनिसातही h एक दशलक्षांशच ठेवलेला आहे आणि त्याला ६४ बिटांपेक्षा कमी अचूक आकडे दिले तर तो इशारा देतो.

दोन उत्तरं दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत कधीच जुळणार नाहीत, तेव्हा ‘जुळलं’ कशाला म्हणायचं? नुसता फरक पाहून चालत नाही. ग्रेडियंट हजाराच्या घरात असेल तर ०.०१ चा फरक क्षुल्लक, आणि ०.०२ असेल तर तोच फरक घातक. म्हणून फरकाला दोघांतल्या मोठ्या आकड्याने भागतात. आपल्या पहिल्या आकड्यासाठी हे गुणोत्तर ३.३३ भागिले ७.३३, म्हणजे ०.४५ येतं. ६४ बिटांत, गुळगुळीत फंक्शनसाठी, बरोबर कोडचं गुणोत्तर सहसा एक कोटीच्या एक भागाच्या आसपास किंवा त्याहून खाली असतं. शंभरात एकाहून वर गेलं की कोडमध्ये चूक आहे असं धरूनच चालावं. दोन्ही ग्रेडियंट शून्याला टेकलेले असले तर मात्र हे गुणोत्तर निरर्थक होतं, म्हणून तयार साधनं एक छोटी ठरावीक सूटही ठेवतात.

कधी कधी फरक दिसतो पण चूक नसते. रेलू नावाचं फंक्शन ऋण आकड्याचं शून्य करतं आणि धन आकडा तसाच सोडतो. त्याच्या आलेखाला शून्यावर कोपरा आहे. x असेल ०.००००००३ आणि h एक दशलक्षांश, तर एक पाऊल कोपऱ्याच्या अलीकडे पडतं आणि एक पलीकडे. फाइनाइट डिफरन्स सांगेल ०.६५, कोड सांगेल १, आणि बरोबर असतं कोड. असा खोटा इशारा ओळखायचा तर h बदलून पाहायचं. h दहापट लहान केल्यावर फरक नाहीसा झाला तर तो कोपऱ्याचा खेळ. विसरलेल्या वाटेची चूक अशी हटत नाही, आपलं ०.४५ कुठल्याही समंजस h ला ०.४५ च राहतं. ड्रॉपआउटसारखा दर फेरीत यदृच्छेने काही आकडे गाळणारा थर असेल, तर प्रत्येक वेळी तेच आकडे गळतील अशी सोय आधी करावी लागते, नाहीतर वरचा आणि खालचा लॉस दोन वेगळ्या नेटवर्कांचे निघतात.

हे सगळं इतकं भरवशाचं, तर मग बॅकवर्ड पास लिहायचाच कशाला? कारण खर्च. एकेका आकड्यासाठी दोन फॉरवर्ड पास लागतात. दहा लाख वजनांच्या नेटवर्कला एका ग्रेडियंटसाठी वीस लाख फेऱ्या. म्हणून तपासणी एकेका थराची, चार-सहा आकड्यांवर करतात. मोठं काही तपासायचंच असेल तर सगळे आकडे एकाच वेळी एका यदृच्छ दिशेने हलवतात, त्या दिशेचा उतार मोजतात आणि कोडच्या ग्रेडियंटमधून त्याच दिशेचा निघणारा उतार त्याच्याशी ताडून पाहतात. फेऱ्या फक्त दोन. इथेही दिशा नीटनेटकी निवडली तर फसगत ठरलेली. आपल्या उदाहरणात पहिला आकडा वाढवून दुसरा तेवढाच कमी करायची दिशा घेतली, तर दोन्ही आकड्यांवरची सारखी चूक आपसात वजा होते आणि चुकीचं कोड पास होतं.

एक मर्यादा मात्र कुठल्याही काळजीने सुटत नाही. ही तपासणी बॅकवर्ड पासची तुलना फॉरवर्ड पासशी करते, तुमच्या मनातल्या गणिताशी नाही. प्रमाण विचलन काढताना तीनाने भागायचं तिथे दोनाने भागलं आणि उलटं गणितही त्याच हिशेबाने लिहिलं, तर दोघं एकमेकांशी तंतोतंत जुळतील. फॉरवर्ड पास बरोबर आहे की नाही हे हाताने सोडवलेल्या छोट्या उदाहरणावर किंवा दुसऱ्या कुणी लिहिलेल्या कोडशी ताडून वेगळंच पाहावं लागतं. आणि एकदा पास झालेली तपासणी पुसून न टाकता कोडशेजारीच ठेवावी. सहा महिन्यांनी कुणीतरी वेगासाठी फॉरवर्ड पासमधली एखादी ओळ बदलेल आणि तिची उलटी बाजू बदलायला विसरेल. त्या वेळी लॉसचा आलेख काही सांगणार नाही, ही दहा ओळींची तपासणी सांगेल.